चारच सांगा

गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या वाचनालयात मी अर्धा तास बोलले. भाषा माणसाच्या जगण्यातून घडते, असा विषय होता. बोलण्याच्या भरात ते नेहमीचं वाक्य तोंडातून गेलंच: "एस्किमोंच्या भाषेत बर्फाला पन्नासहून जास्त शब्द आहेत." सभेत नेहमी होते तशी पसंतीची कुजबुज झाली. मी पुढे सरकले.

चहाच्या वेळी पहिल्या रांगेतले भाऊसाहेब जवळ आले. आयुष्यभर तलाठी म्हणून काम केलेला माणूस. नोंद पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवय नाही. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "ताई, ते पन्नास शब्द. सगळे नको. चारच सांगा."

मला एकही सांगता आला नाही. 'इग्लू' म्हणाले, तर ते म्हणाले, "ते घर झालं."

त्या ओशाळलेपणातून पुढचे काही महिने मी ही नोंद शोधत राहिले. आणि गंमत अशी, की मूळ नोंदीत शब्द बरोबर चारच निघाले.

ती नोंद फ्रान्झ बोआस या मानवशास्त्रज्ञाची. पंचविशीतला हा जर्मन तरुण 1883 ते 84 या काळात उत्तर कॅनडातल्या बॅफिन बेटावर इन्युइट लोकांत राहिला होता. पुढे 1911 साली अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांवर एक मोठा ग्रंथ निघाला, त्याची प्रस्तावना त्याने लिहिली. तिच्यात तो चार शब्द देतो: 'अपुत' म्हणजे जमिनीवर पडलेला बर्फ, 'क़ाना' म्हणजे पडत असलेला बर्फ, 'पिक़्सिर्पोक़' म्हणजे वाऱ्याने वाहून जाणारा बर्फ आणि 'क़िमुक़्सुक़' म्हणजे वाऱ्याने रचलेला बर्फाचा ढीग. (क़ खालचा नुक्ता मुद्दाम दिलाय. हा क पडजिभेपाशी उच्चारतात, उर्दूतल्या 'क़लम'सारखा. पुढे तो आपल्याला उपयोगी पडणार आहे.)

बोआसला संख्येत रस नव्हता. त्याचा मुद्दा वेगळाच होता. इंग्रजीत नदी, तळं, पाऊस, दव, लाट, फेस यांना एकमेकांशी नातं नसलेले वेगवेगळे शब्द आहेत, खरं तर सगळं पाणीच. एखादी भाषा हे सगळं 'पाणी' या एकाच मुळापासून बनवू शकली असती. इंग्रजीत पाण्याचं जसं आहे तसंच इन्युइट भाषेत बर्फाचं आहे, चार मुळं स्वतंत्र आहेत, एवढंच तो सांगत होता. आकडा मोठा आहे, असं त्याने कुठे म्हटलेलं नाही.

मग 1940 साली बेंजामिन ली व्होर्फ यांनी एका मासिकात लिहिलं, की पडणारा बर्फ, जमिनीवरचा, घट्ट दबलेला, पाणचट, वाऱ्यावर उडणारा, या सगळ्यांना आपण एकच शब्द वापरतो. एस्किमोला असा सर्वसमावेशक शब्द सुचणारच नाही. व्होर्फ पोटापाण्यासाठी अग्निविमा कंपनीत काम करत आणि फावल्या वेळात भाषाशास्त्र. त्यांनी आकडा दिला नाही, शब्दही दिले नाहीत. पण यादी चारावरून वाढली होती, आणि वाढलेली यादी कुणी कमी करत नाही. 1984 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखात ती शंभरावर गेली. 1986 मध्ये लॉरा मार्टिन यांनी ही सगळी वंशावळ शोधून छापली, आणि मग जेफ्री पुलम यांनी त्यावर एक खट्याळ निबंध लिहिला, तेव्हा कुठे भाषेच्या लोकांत तरी ही गोष्ट थांबली. आमच्या वाचनालयात ती थांबली नव्हती, हे माझ्यामुळे.

इथवर गोष्ट अफवेची आहे आणि अफवा कशा वाढतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. माझं मन अडकलं ते बोआसच्या तिसऱ्या शब्दात. पिक़्सिर्पोक़. चारांतला हा एक शब्द वस्तूचं नाव नाहीच. शेवटचं '-पोक़' हे क्रियापदाचं रूप आहे, 'तो/ती/ते अमुक करतंय' असं सांगणारं. म्हणजे पिक़्सिर्पोक़ हा शब्द नसून अख्खं वाक्य आहे: 'बर्फ उडतोय.' पहिल्याच यादीत तीन शब्द आणि एक वाक्य शेजारी शेजारी बसलं होतं. मग मोजायचं काय?

एक खुलासा इथेच करते. 'एस्किमो' हे नाव कॅनडा आणि ग्रीनलंडमधल्या अनेकांना नको असतं. ते स्वतःला इन्युइट म्हणवतात. अलास्कातले युपिक हे त्यांचे भाषेने चुलते, पण इन्युइट नव्हेत. बर्फाच्या त्या वाक्यात या सगळ्यांना एकाच पोत्यात घातलेलं असतं, एक 'एस्किमो भाषा' असल्यासारखं. मी पुढे बहुतेक उदाहरणं ग्रीनलंडच्या भाषेतून घेते. तिचं नाव कलाल्लिसुत. 2009 पासून ती तिथली एकमेव राजभाषा आहे, त्यामुळे तिच्यात पाट्या, पावत्या, सरकारी खाती सगळं असतं, आणि लांबच लांब शब्द बघायचे तर सरकारी पाटीसारखी जागा नाही.

सुरुवात सोप्या शब्दापासून. 'अतुआर' म्हणजे वाचणे. त्याला '-फिक' लावला, की 'अतुआर्फिक': वाचायची जागा, म्हणजे शाळा. '-फिक' म्हणजे 'ती क्रिया जिथे होते ती जागा'. तो एकटा उभा राहू शकत नाही. आपल्याकडचा '-पणा' किंवा '-खोर' जसा एकटा रस्त्यात भेटत नाही, तसा.

आता 'मित-' म्हणजे उतरणे, पक्षी जमिनीवर उतरतो तसं. त्याला '-तार-' लावला, म्हणजे 'नेहमी, सवयीने'. मग आपला ओळखीचा '-फिक'. झालं 'मित्तार्फिक': जिथे नेहमी उतरलं जातं ती जागा. विमानतळ. शब्द आपल्या 'विमानतळ'पेक्षा लांब नाही, पण आतली रचना बघा. विमानतळ हा समास आहे. 'विमान' वेगळा चालतो, 'तळ' वेगळा चालतो, दोघं हात धरून आलेत. मित्तार्फिकमध्ये पायांवर उभा राहणारा एकच आहे, 'मित', आणि तो सगळ्यात पुढे. बाकीचे त्याच्या पाठीवर बसलेत. या भाषांमध्ये दोन स्वतंत्र मुळं जोडून शब्द जवळपास बनतच नाहीत. 'हिमवर्षाव', 'हिमकडा', 'हिमनग' अशी संस्कृतातली आगगाडी तिथे चालत नाही. एक मूळ पुढे, मागे हवे तेवढे जोडशब्दांश, आणि सगळ्यात शेवटी कोण, किती, कुणाचं हे सांगणारा शेवट. जोडशब्दांश काहीशे आहेत.

आता पाटी. ग्रीनलंडच्या विमानतळांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेचं नाव अनेक वर्षं 'मित्तार्फेक़ार्फीत' होतं. पहिल्यांदा वाचताना माझी जीभ दातात अडकली. पण फोडून बघा. मित्तार्फिक, विमानतळ. त्याला '-क़ार-', म्हणजे 'असणे, जवळ असणे'. मग पुन्हा '-फिक', जागा. आणि शेवटी अनेकवचन. 'जिथे विमानतळ असतात त्या जागा'. आपल्याकडे असतं तर 'विमानतळ प्राधिकरण' झालं असतं, आणि त्यातल्या 'प्राधिकरण'चा अर्थ निम्म्या प्रवाशांना सांगता आला नसता.

फोड करताना एक गोष्ट खटकली असेल. मित्तार्फिक + क़ार म्हटल्यावर 'मित्तार्फिकक़ार' व्हायला हवं होतं. झालं 'मित्तार्फेक़ार'. शेवटचा क गळाला, आणि 'फि'चा 'फे' झाला. क गळाला कारण '-क़ार' आपल्या आधीचं व्यंजन खातो. काही जोडशब्दांश खातात, काही खात नाहीत, आणि कोण खातो हे प्रत्येकाचं वेगळं पाठ करावं लागतं. इ चा ए झाला कारण पुढे तो पडजिभेचा क़ आला. जीभ मागे ओढली जाते तशी इ खाली घसरून ए होते, उ घसरून ओ. अपवाद नाही. शेवटी 'फिक'चं अनेकवचन 'फिकित' न होता 'फीत' होतं, तिथेही क गेला. तीन शिवणी आणि त्यातल्या दोन ठिकाणी कापड थोडं मुडपून शिवलेलं. म्हणून हे शब्द बाहेरच्याला अखंड आणि राक्षसी वाटतात. मण्यांसारखे सुटे ओवलेले असते, तर कुणी घाबरलं नसतं.

मराठी माणसाने तरी घाबरू नये. मीठ म्हणताना 'मी' दीर्घ, पण मिठात म्हणताना ऱ्हस्व. लाकूडचं लाकडाला होताना 'कू'मधला ऊ नाहीसा होतो. पाऊसचा पावसात होताना ऊ चा व. हे सगळं आपण शाळेत 'सामान्यरूप' म्हणून घोकलं आणि विसरलो. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा शब्द मी तोडायला घेतला, तेव्हा सहा तुकडे निघाले: घर, आ, समोर, च्यां, ना, सुद्धा. एखाद्या इंग्रजाला हे सांगायला 'समोरच्या घरात राहणारे जे लोक आहेत त्यांना देखील' असा पल्ला घ्यावा लागेल. आपण दारात उभ्या उभ्या बोलून मोकळे होतो: "घरासमोरच्यांनासुद्धा बोलावलंय."

फरक आहे तो पुढे. आपण नामावर कितीही प्रत्यय चढवले तरी क्रियापद बाहेर उभं राहतं. तिथे नाम चालता चालता क्रियापद होतं, पुन्हा नाम होतं, पुन्हा क्रियापद. मित्तार्फेक़ार्फीतमध्येच बघा: उतरणे (क्रिया), उतरायची जागा (नाम), ती असणे (क्रिया), ती असायची जागा (नाम). प्रत्येक जोडशब्दांश विचारतो, तू आत्तापर्यंत काय झालास, आणि मग त्याचं पुढचं काहीतरी करतो.

याचा पूर्ण जोर वाक्यात दिसतो. 'इल्लु' म्हणजे घर. (हाच कॅनडात 'इग्लु', बर्फाचं असो की लाकडाचं.) '-र्सुआक़' म्हणजे मोठं: इल्लोर्सुआक़. उ चा ओ झाला, कारण इथला र्‌सुद्धा पडजिभेचा आहे. '-लिओर-' म्हणजे बनवणे. तो आधीचा क़ खातो. '-सिन्ना-' म्हणजे शकणे. '-न्ङिल-' म्हणजे नाही. '-अङा' म्हणजे मी. इल्लोर्सुआलिओर्सिन्नान्ङिलङा. लिहिताना पाटी संपते, पण क्रम नीट बघा: घर, मोठं, बांध, शक, नाही, मी. आपलं वाक्य: मी मोठं घर बांधू शकत नाही. 'मी' उचलून शेवटी ठेवला आणि 'मोठं' घराच्या मागे नेलं, की बाकी सगळं जिथल्या तिथे. बांधू, शकत, नाही. ही ओळ मी कागदावर एकाखाली एक मांडली तेव्हा थोडा वेळ बघतच बसले. इंग्रजी वाक्य याच्या जवळपास उलटं पडतं. बर्फाच्या त्या गोष्टीला 'केवढी परकी भाषा' असा जो सूर असतो, तो इंग्रजीत बसून लावलेला आहे.

क्रम शोभेचा नाही, अर्थ त्यावरच ठरतो. प्रत्येक तुकडा फक्त आपल्या डावीकडच्या सगळ्याला लागतो. अलास्कातल्या युपिक भाषेत माणसाला 'युग-', मोठ्याला '-पाग-', लहानाला '-चुआर-'. युग-पाग-चुआर असा क्रम लावला तर आधी 'मोठा माणूस' म्हणजे राक्षस तयार होतो आणि मग तो लहान होतो: छोटा राक्षस. युग-चुआर-पाग म्हटलं तर आधी बुटका होतो आणि मग मोठा: अंमळ उंच बुटका. तुकडे तेच, माणसं दोन.

आता भाऊसाहेबांच्या प्रश्नाकडे. समजा मी कलाल्लिसुतमधला 'अपुत', पडलेला बर्फ, घेतला. 'अपुतेक़ार्पोक़': बर्फ आहे. ओळखीचा '-क़ार', ओळखीचा '-पोक़', मध्ये ए. हा बर्फाचा दुसरा शब्द धरायचा? मग 'बर्फ नाही', 'खूप बर्फ आहे', 'बर्फ असावा असं वाटतं', प्रत्येकाचा एक शब्द होईल. हजार करा, लाख करा, बोलणारा थकेपर्यंत करा. तेवढेच शब्द घराचे होतील आणि कॉफीचेही. बर्फाचं काही खास नाही. याच न्यायाने पावसाला मराठीत पाऊस, पावसाळा, पावसात, पावसातला, पावसातल्यांना, पावसातल्यांनासुद्धा, असे किती शब्द आहेत ते मोजायला बसावं लागेल, आणि ते कुणी शहाणा मोजत नाही.

शब्दकोश करणाऱ्यांना मात्र रेघ कुठेतरी ओढावीच लागते. त्यांची कसोटी साधी आहे: तुकड्यांवरून जेवढा अर्थ निघतो तेवढाच शब्दाला आहे का? 'तिम्मिसार्तोक़' म्हणजे 'जे नेहमी उडतं ते', पण त्याचा अर्थ विमान; कावळ्याला कुणी तिम्मिसार्तोक़ म्हणणार नाही. त्याला कोशात जागा. 'बर्फ आहे'ला नको, ते ज्याचं त्याने जागेवर बनवावं. आपल्याकडे 'पावसाळा'ला कोशात जागा मिळते आणि 'पावसातल्यांनासुद्धा'ला मिळत नाही, ते याच कसोटीवर.

ही कसोटी न लावल्यामुळे झालेली सगळ्यात गोड चूक म्हणजे 'इग्लुक्साक़'. बर्फाच्या शब्दांच्या याद्यांमध्ये तो हमखास असतो: 'घर बांधायचा बर्फ'. फोडला तर त्यात बर्फ कुठेच नाही. इग्लु, घर, आणि '-क्साक़', म्हणजे 'होऊ घातलेलं'. होऊ घातलेलं घर, घराचं सामान. पुलम यांनी म्हटलंय त्याप्रमाणे प्लायवूड आणि खिळेही त्यात आले. ग्रीनलंडमध्ये हाच तुकडा '-स्साक़' होतो, आणि 'नुलिआक़' म्हणजे बायको याला लागून 'नुलिआस्साक़' होतं: वाग्दत्त वधू. होऊ घातलेली बायको. बर्फाची यादी करणाऱ्याच्या हातात हा शब्द पडला असता, तर त्याने तोही बर्फात घातला असता की काय, कोण जाणे.

म्हणजे सगळंच खोटं का? इथे मला पुलम यांच्या टवाळीचाही थोडा राग येतो. मुळं मोजली तर ती थोडीथोडकी नाहीत. अँथनी वुडबरी यांनी 1991 मध्ये युपिकच्या एका छापील कोशातून, फोड न होणारे असे बर्फाचे शब्द काढले, ते पंधराच्या आसपास भरले: जमिनीवरचा, खोल भुसभुशीत, ताजा पडलेला, वरचा कडक पापुद्रा, कड्याला लोंबणारा. इंग्रजीतही साधारण तेवढे निघतात, असं ते लगेच सांगतात. पण 2010 मध्ये इगोर क्रुप्निक आणि लुडगर म्युलर-विल्ले यांनी बोआसच्या नोंदी आणि वेगवेगळ्या इन्युइट बोलींचे कोश पुन्हा तपासले आणि दाखवलं, की बर्फ आणि समुद्रावरच्या हिमाची तिथली शब्दसंपत्ती खरोखरच दांडगी आहे. फक्त ती शिकाऱ्याच्या तोंडी असते.

त्यातला एक शब्द मला फार आवडला, 'पुकाक'. बर्फाच्या थराच्या अगदी तळाशी, जमिनीला लागून, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा सुटा रवाळ बर्फ तयार होतो. जमीन वरच्या हवेपेक्षा उबदार असते, तिथली वाफ वर सरकते आणि वाटेत मोठ्या कणांच्या रूपात पुन्हा गोठते. कण मोठे होतात, पण एकमेकांना धरत नाहीत. उंदीर त्यातून बोगदे काढून हिवाळा काढतात. त्याच्या विटा पडत नाहीत, हातात घेतला की सांडतो. घराच्या विटेसाठी लागतो तो एकाच वादळात वाऱ्याने ठासून बसवलेला, मध्ये थर नसलेला बर्फ. तो ओळखायला बारीक काठी खुपसून बघतात: सारख्या जोराने आत गेली तर बर्फ चांगला, मध्येच पोकळ जागी सटकन गेली तर वीट तिथे दुभंगणार. बर्फाचा अभ्यास करणारे काही शास्त्रज्ञही आज 'पुकाक' हाच शब्द वापरतात.

या वर्षीच्या फेब्रुवारीत वाचनालयात पुन्हा गेले, या वेळी ऐकायला. भाऊसाहेब पहिल्या रांगेतच होते. मी घरून चिठ्ठीवर लिहून नेलं होतं: अपुत, क़ाना, क़िमुक़्सुक़, पुकाक. पिक़्सिर्पोक़ गाळला होता, वाक्य म्हणून. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, पहिल्या दोनांवर बोट ठेवून म्हणाले, "जमिनीवरचा आणि पडणारा. बरोबर आहे, दोन वेगळी खाती हवीतच." चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

मग विचारलं, "आणि पन्नास?"

मी म्हणाले, "ते घरासमोरच्यांनासुद्धा आहेत, भाऊसाहेब."

"म्हणजे?"

चहा येईपर्यंत त्यांना मित्तार्फेक़ार्फीत फोडून दाखवलं.